ऑफिसच्या चॅटवर काय लिहायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय

इकडे युरोपातल्या ऑफिसात बॉसलाही पहिल्या नावाने हाक मारतात. टीम्स किंवा स्लॅकवर दिवसभर थट्टामस्करी आणि इमोजी चालू असतात. नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींना त्यामुळे वाटतं, की एखादी सहकारी किंवा सहकारी मित्र आवडला तर गोड बोलायलाही हीच जागा आहे. मला हे पटत नाही, आणि ते कंपनीच्या धाकापोटी नाही.

खासगी अ‍ॅपवर तुमचं बोलणं नकोसं झालं तर समोरची व्यक्ती म्यूट करू शकते, ब्लॉक करू शकते. ऑफिसच्या चॅटवर तिला हजर राहावंच लागतं. तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका तिला दिसतो, तिचा तुम्हाला दिसतो, आणि उद्या रिपोर्ट मागायला तुमचीच खिडकी उघडावी लागते. तिने पाठवलेला हसरा चेहरा मनापासून आहे की निव्वळ सौजन्याचा, हे तिथे ओळखता येत नाही. म्हणून ज्या वाक्याला उत्तर न देणं तिला अवघड जाईल, ते वाक्य ऑफिसच्या चॅटवर नको.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने मला चार वाक्यं दाखवली. मुलगी दुसऱ्या टीममधली, हुद्द्याने बरोबरीची. "ताई, यातलं कुठलं टीम्सवर पाठवू?" असं त्याने विचारलं.

पहिलं होतं, "आजचा डेमो फार सुरेख झाला, शेवटचा प्रश्न छान हाताळलास." हे खुशाल पाठव म्हटलं. कौतुक कामाचं आहे, आणि हेच वाक्य तो टीममधल्या कुणालाही लिहू शकतो. दुसरं, "तू नसलीस की मीटिंग कंटाळवाणी होते." यावर मी बराच वेळ विचार केला. आधीपासून दोघांत चेष्टा चालत असेल आणि तीही तितकंच लिहीत असेल, तर एकदा चालेल. ती फक्त अंगठ्याचा इमोजी टाकून थांबत असेल, तर नाही. तिसरं, "निळा रंग तुला फार खुलतो." हे टीम्सवर अजिबात नाही. दिसण्यावरचं बोलणं ऑफिसच्या खिडकीत आलं, की आपल्याला कोणीतरी न्याहाळतंय ही जाणीव तिला कामाच्या जागी घेऊन बसावी लागते. चौथं, रात्री अकराचं "झोप येत नाहीये, तुझीच आठवण येतेय." हे व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा तेव्हाच, जेव्हा तिने स्वतःहून नंबर दिलाय आणि तीही अशा वेळी लिहिते. आणीबाणीसाठी ठेवलेल्या टीमच्या यादीतून नंबर उचलणं म्हणजे कामासाठी दिलेली माहिती भलत्याच कारणासाठी वापरणं.

लिहिलेलं कुठे राहतं, तेही लक्षात घ्या. कंपनीने तशी सेटिंग ठेवली असेल, तर टीम्सवर पुसलेला किंवा बदललेला मजकूरही मागे जपला जातो आणि चौकशीत बाहेर काढता येतो. रोमानियातल्या एका इंजिनिअरचं प्रकरण इथे प्रसिद्ध आहे. कंपनीच्या सांगण्यावरून, ग्राहकांशी बोलण्यासाठी त्याने याहू मेसेंजरचं खातं उघडलं होतं. २००७मध्ये कंपनीने त्याच्या बोलण्याचे ४५ पानी कागद त्याच्यापुढे ठेवले. त्यात वाग्दत्त वधूशी झालेलं खासगी बोलणंही होतं. नोकरी गेली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला, कारण मजकूरही वाचला जाऊ शकतो याची त्याला आधी नीट कल्पना दिली नव्हती. म्हणजे आधी रीतसर कळवलं असेल आणि कारण रास्त असेल, तर कंपनी पाहू शकते. तसं कळवणारं धोरण रुजू होताना आपल्याला दिलेलं असतं, आणि आपण न वाचता सही करतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही, पण स्क्रीनशॉट कोणीही काढू शकतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवू नका, स्क्रीन शेअर करताना नोटिफिकेशन सगळ्यांसमोर येतं. हाताखालच्या माणसाच्या बाबतीत तर अ‍ॅप कुठलंही असो, असं काही लिहायचंच नाही. त्याची बढती तुमच्या हातात असते, मग नकार देणार कसा?

त्या मुलाला मी म्हटलं, विचारायचंच तर समोरासमोर, एकदाच विचार. गूगल आणि फेसबुकमध्येही सहकाऱ्याला एकदाच विचारण्याचा नियम असल्याचं २०१८मध्ये छापून आलं होतं, आणि "त्या दिवशी जमणार नाही" असं मोघम उत्तर आलं तरी तो नकारच धरायचा. याने कॉफी मशीनपाशी विचारलं, "ऑफिसबाहेर एकदा भेटूया का? नको असेल तरी काही हरकत नाही." ती म्हणाली, "सध्या खूप गडबड आहे, बघू." वेळ तिने सुचवली नाही, नंबरही दिला नाही. तो तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी तिने टीम्सवर एका फाइलबद्दल विचारलं, तेव्हा त्याने नेहमीच्याच मोकळेपणाने आणि नेहमीच्याच वेळेत उत्तर दिलं. एरवी नकारानंतर माणसं एकदम तुटक लिहू लागतात, आणि त्याचा भुर्दंड तिला कामात सोसावा लागतो.