निळ्या पेशींचा थवा आणि मागे रेंगाळलेलं केंद्रक

बोन मॅरोच्या फॉर्मवर फिजिशियननी एकच ओळ लिहिली होती: ‘पॅनसायटोपेनिया, ॲक्यूट ल्युकेमिया?’ तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी पडल्या की त्याला पॅनसायटोपेनिया म्हणतात. पेशंट पन्नाशीचे गृहस्थ. काही महिन्यांपासून थकवा, चालताना धाप, आणि गेल्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त. हिमोग्लोबिन 4.2, पांढऱ्या पेशी 2,600, प्लेटलेट 58,000. पेशी मेल्या की रक्तात वाढणारं एलडीएच नॉर्मलच्या कितीतरी पट. रक्ताच्या स्लाइडवर केंद्रक असलेल्या तुरळक पेशी दिसल्या होत्या आणि त्यातल्या दोन-तीन आकाराने मोठ्या, गडद निळ्या होत्या. प्रश्नचिन्ह तिथून आलं होतं.

मॅरोची स्लाइड आधी आमच्या रेसिडेंटने बघितली. थोड्या वेळाने ती माझ्या टेबलाशी आली. “मॅडम, फील्डच्या फील्ड ब्लास्ट आहेत. पांढऱ्या पेशींचे वाटत नाहीत, इरिथ्रॉइडच आहेत. मला इरिथ्रोल्युकेमिया वाटतोय.”

ब्लास्ट म्हणजे अगदी कोवळ्या, अपक्व पेशी आणि इरिथ्रॉइड म्हणजे लाल पेशींच्या वंशातल्या. तिला लाल पेशींच्या ल्युकेमियाची शंका आली होती आणि ती चुकीची नव्हती. दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर आम्ही समोरासमोर बसलो. मॅरो ओसंडून वाहत होती आणि जिकडे बघावं तिकडे मोठ्या, गोल, निळ्याशार पेशी. असं चित्र पहिल्यांदा बघणाऱ्याला ल्युकेमियाच आठवतो. मी तिला म्हटलं, “या मोठ्या पेशी आत्ता सोड. त्या सगळ्या आजारांत साधारण सारख्याच दिसतात. जिच्यात गुलाबी रंग उतरलाय अशी पेशी शोध आणि तिचं केंद्रक कसं आहे ते सांग.”

तिला सापडेपर्यंत मी नॉर्मल क्रम पुन्हा बोलून घेतला. तो डोळ्यांसमोर नसेल तर बिघाड ओळखू येत नाही.

लाल पेशीची मॅरोत ओळखू येणारी सर्वांत पहिली अवस्था म्हणजे प्रोनॉर्मोब्लास्ट. 14 ते 20 मायक्रॉनची पेशी, त्यातला बहुतेक भाग केंद्रकाने व्यापलेला. क्रोमॅटिन बारीक, विरळ, आत एक-दोन न्यूक्लिओलस. कडेला गडद निळ्या पेशीद्रवाची चिंचोळी पट्टी आणि केंद्रकाला लागून एखादा फिकट ठिपका, तो गॉल्जीचा. या पेशीत दिसण्याजोगं हिमोग्लोबिन नसतं. निळा रंग येतो तो रायबोझोममधल्या आरएनएमुळे. आरएनए आम्लधर्मी, म्हणून तो रंगद्रावणातला निळा भाग ओढून घेतो. पुढची अवस्था बेसोफिलिक नॉर्मोब्लास्टची. पेशी थोडी लहान होते, न्यूक्लिओलस दिसेनासे होतात, क्रोमॅटिन जाडसर होऊ लागतं आणि पेशीद्रव आणखी गडद होतं. हिमोग्लोबिन बनवण्याची सगळी यंत्रणा इथे उभी राहते, पण माल अजून साचलेला नसतो.

तिसऱ्या, पॉलिक्रोमॅटिक अवस्थेत तो दिसायला लागतो. हिमोग्लोबिन इओसिनचा गुलाबी रंग उचलतं, आरएनए निळा रंग धरून असतो आणि दोन्ही मिसळून पेशीद्रव राखाडी-जांभळं दिसतं. क्रोमॅटिनचे गठ्ठे होतात, मध्ये फटी पडतात, केंद्रक आकसतं. विभाजन होणारी ही शेवटची अवस्था. नंतरची ऑर्थोक्रोमॅटिक पेशी 8 ते 10 मायक्रॉनची, पेशीद्रव जवळजवळ गुलाबी आणि केंद्रक म्हणजे घट्ट, काळसर, कसलीही रचना न दिसणारी गोळी. ही गोळी पेशी बाहेर ढकलून देते. ढकललेल्या केंद्रकाभोवती पेशीद्रवाची पातळ कड असते आणि शेजारचा मॅक्रोफेज त्याला गिळून टाकतो. मागे उरतो तो रेटिक्युलोसाइट. त्यात केंद्रक नाही, पण आरएनए आणि मायटोकॉन्ड्रिया शिल्लक असतात. म्हणून तो एक-दोन दिवस मॅरोत आणि साधारण एक दिवस रक्तात हिमोग्लोबिन बनवतच राहतो. लाल पेशीतल्या एकूण हिमोग्लोबिनचा जवळपास एक तृतीयांश भाग केंद्रक गेल्यानंतर तयार होतो. हे सांगितलं की विद्यार्थी दर वेळी दचकतात.

केंद्रक आकसणं आणि हिमोग्लोबिन भरणं ही नॉर्मल मॅरोत एका जुवाला जुंपलेली जोडी असते. एकाची चाल बघून दुसऱ्याची सांगता येते. पेशीद्रव राखाडी-जांभळं असेल तर क्रोमॅटिन गठ्ठ्यांचं असायलाच हवं.

“मिळाली,” रेसिडेंट म्हणाली. तिने पॉइंटर एका पेशीवर आणला. पेशीद्रव गुलाबी, कडेला किंचित राखाडी झाक. या अवस्थेला केंद्रकाची काळी गोळी झालेली असायला हवी होती. इथे केंद्रक चांगलं मोठं होतं आणि क्रोमॅटिन चाळणीसारखं सच्छिद्र. ती थांबली. “पेशीद्रव ऑर्थोक्रोमॅटिकचं आहे, पण केंद्रक तर दोन पायऱ्या मागे आहे.”

केंद्रक असं मागे राहिलेली लाल पेशी म्हणजे मेगालोब्लास्ट, आणि तो ओळखायचा तो असा. नुसत्या आकारावरून त्याच्याबद्दल खात्रीने बोलू नये, कारण प्रोनॉर्मोब्लास्ट मुळातच मोठा असतो. शेवटच्या दोन अवस्थांमधली ही विसंगती मात्र लपत नाही. आम्ही आणखी बऱ्याच गुलाबी पेशी पाहिल्या आणि प्रत्येकीचं केंद्रक मागेच होतं. काहींत हॉवेल-जॉली बॉडी होत्या, म्हणजे केंद्रकाचे सुटून राहिलेले तुकडे. शेजारी पांढऱ्या पेशींच्या वंशातले, आकाराने अवाढव्य जाएंट मेटामायलोसाइट होते, आणि रक्ताची स्लाइड परत लावली तर केंद्रकाला सहा-सात पाळ्या पडलेले न्यूट्रोफिल.

केंद्रकच का मागे पडतं, यातला रसायनाचा भाग मला फार आवडतो. बी12 किंवा फोलेट कमी पडलं की थायमिडीन पुरेसं तयार होत नाही. डीएनएला थायमिन लागतं, त्यामुळे त्याची नक्कल रखडते आणि केंद्रक पिकत नाही. आरएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल असतं, म्हणून त्याचं काही अडत नाही. आरएनए व्यवस्थित, म्हणून ग्लोबिन व्यवस्थित, लोहही भरपूर. हिमोग्लोबिन वेळापत्रकाप्रमाणे भरत जातं आणि विभाजनं मात्र कमी होतात. कमी वेळा विभागलेली पेशी मोठी राहते. या पेशंटचा एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, 118 होता, एका पेशीतलं हिमोग्लोबिन सांगणारा एमसीएच 39, पण पेशीतली हिमोग्लोबिनची दाटी सांगणारा एमसीएचसी 33, अगदी नॉर्मल. पेशी मोठी होती आणि तिच्या मापाने हिमोग्लोबिनही बरोबर भरलेलं होतं. लोहाच्या कमतरतेत याच्या उलट घडतं. तिथे केंद्रक ठीक असतं, हिमोग्लोबिन रेंगाळतं आणि पेशी लहान होतात.

मग मोठ्या निळ्या पेशींचा तो थवा कुठून आला? नॉर्मल मॅरोत प्रोनॉर्मोब्लास्ट फार थोडे असतात, कारण एकेकापासून विभागत विभागत 8 ते 16 पेशी होतात आणि पुढच्या अवस्थांची संख्या साहजिकच जास्त भरते. इथे विभाजन अडलेल्या पेशी मधल्या अवस्थेतच मरत होत्या. खालच्या पायऱ्यांवर गर्दी आणि वरच्या पायऱ्या ओस. मेलेल्या पेशींतून एलडीएच बाहेर पडत होतं, आणि हिमोग्लोबिन तुटून इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलं होतं. मॅरो भरलेली असूनही रक्तात रेटिक्युलोसाइट जेमतेम 1.2 टक्के होते. हा आकडाही फसवा, कारण टक्केवारी उरलेल्या थोड्याशा लाल पेशींची. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, 12.6 टक्के होतं. नॉर्मल 45 च्या हिशेबाने दुरुस्त केलं तर 1.2 गुणिले 12.6 भागिले 45, म्हणजे जेमतेम 0.3 टक्के. एवढी गजबजलेली मॅरो, आणि कारखान्याबाहेर माल जवळपास नाहीच.

रेसिडेंटने रास्त प्रश्न विचारला. “पण मॅडम, इरिथ्रोल्युकेमियातही मेगालोब्लास्टसारख्या पेशी असतात ना?” असतात. मॅरोतल्या पेशींची घडणच बिघडते त्या मायलोडिस्प्लेझियातही असतात. लाल पेशींचा ल्युकेमिया, म्हणजे प्युअर इरिथ्रॉइड ल्युकेमिया, म्हणायला मॅरोच्या 80 टक्क्यांहून अधिक पेशी इरिथ्रॉइड आणि 30 टक्के तरी प्रोनॉर्मोब्लास्ट हवेत. आमच्या मोजणीत प्रोनॉर्मोब्लास्ट त्याच्या बरेच खाली राहिले. तिने ब्लास्ट म्हणून धरलेल्या बऱ्याच पेशी बेसोफिलिक अवस्थेतल्या मेगालोब्लास्ट होत्या. उघड्या क्रोमॅटिनमुळे त्या त्यांच्या वयापेक्षा तरुण दिसत होत्या. तरी मी रिपोर्टात ‘ल्युकेमिया नाही’ असं ठाम लिहिलं नाही. ‘मेगालोब्लास्टिक मॅरो, बी12 आणि फोलेट तपासल्याशिवाय पुढचं निदान करू नये’ असं लिहिलं.

त्याआधी फिजिशियनना फोन केला. मला एकच गोष्ट हवी होती: मॅरो काढण्याआधी बी12 चं इंजेक्शन दिलं होतं का? ते म्हणाले, “नाही, डॉक्टर. रक्तही अजून चढवलेलं नाही.” हे विचारणं गरजेचं असतं, कारण एका इंजेक्शननंतर 24 ते 48 तासांत मॅरोतल्या लाल पेशी नॉर्मल दिसू लागतात आणि हे सगळं चित्र पुसलं जातं. अशा वेळी जाएंट मेटामायलोसाइटवर भिस्त ठेवावी लागते. ते पुढे दहा-बारा दिवस टिकतात. मी हेही सुचवलं की बी12 कळेपर्यंत नुसतं फोलेट देऊ नका. रक्त सुधारलेलं दिसेल, पण बी12 ची कमतरता असेल तर मज्जारज्जूचं नुकसान चालूच राहील. पेशंटच्या तळव्यांना मुंग्या येत होत्या, असं त्यांनी तेव्हा सांगितलं.

बी12 आलं मिलिलीटरला 82 पिकोग्रॅम, फारच कमी. इंजेक्शनं सुरू झाली, पोटॅशियमवर रोज लक्ष ठेवायला सांगितलं. नव्या पेशी एकदम बनू लागल्या की त्या रक्तातलं पोटॅशियम ओढून घेतात, आणि इतक्या तीव्र ॲनिमियात ते धोक्याचं ठरू शकतं.

रेटिक्युलोसाइट मोजायला न्यू मिथिलीन ब्लूचा रंग लागतो. तो पेशी वाळवण्याआधी, जिवंत असताना द्यायचा असतो, म्हणजे उरलेला आरएनए जाळीसारखा गोळा होऊन दिसतो. तिसऱ्या दिवशी आकडा हलला, 4 टक्के. सातव्या दिवशी 21 टक्के. लीशमनच्या नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर मोठ्या, राखाडी-निळसर पेशी होत्या. मॅरोतला मुक्काम आखडता घेऊन लवकर बाहेर पडलेले ते रेटिक्युलोसाइट. रेसिडेंट रोज स्वतः स्लाइड बनवून मोजत होती.

दहाव्या दिवशी फिजिशियनचा फोन आला. “रेटिक 9 वर आलेत. इंजेक्शन लागू पडत नाहीये का?” काळजीचं कारण नव्हतं. तुंबलेल्या पेशींची पहिली लाट निघून गेली की टक्केवारी उतरते. त्यानंतर हिमोग्लोबिन चढतंय का, ते पाहायचं. ते 5.9 झालं होतं आणि प्लेटलेट दीड लाखांवर. तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन 7.8 होतं, एमसीव्ही 101. स्लाइडवर लाल पेशींचे दोन गट सरळ वेगळे दिसत होते, जुन्या अंडाकृती मोठ्या आणि नव्या नेहमीच्या मापाच्या. पेशंटच्या रक्तात, बी12 शोषायला लागणाऱ्या इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या अँटिबॉडी आढळल्या, म्हणजे पोटातून बी12 शोषलंच जात नव्हतं. त्यामुळे इंजेक्शनं कायमची चालू ठेवायची ठरली.