गुरुवारचं पेमेंट आणि गेटवरचा शिक्का

भोसरीतल्या आमच्या कंपनीत दर गुरुवारी सप्लायर पेमेंट सोडतो. त्या गुरुवारी १८ तारीख होती आणि सकाळीच मोठ्या कस्टमरचा निरोप आला: पैसे आज नाही, सोमवारी.

बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून उचलता येणाऱ्या रकमेत, म्हणजे ड्रॉइंग पॉवरमध्ये, ३१ लाख शिल्लक होते. त्यातले ११ लाख २० तारखेच्या जीएसटीसाठी बाजूला ठेवायचे. शिवाय आठ लाखांच्या खाली खातं न्यायचं नाही, हा साहेबांचा दंडक. म्हणजे हातात उरले बारा.

समोर डिस्काउंटची दोन बिलं. स्टील कॉइलचं १७ लाख ७० हजारांचं, दहा दिवसांत भरलं तर दीड टक्का, नाहीतर ४५ दिवसांची उधारी. नट-बोल्टचं ५ लाख ९० हजारांचं, दहा दिवसांत दोन टक्के, नाहीतर ३० दिवस. साहेब म्हणाले, "स्टील आधी सोडा, तिथे सव्वीस हजार वाचतात."

वाचत नव्हते. डिस्काउंट मूळ रकमेवर मिळतो, जीएसटीवर नाही. जीएसटी वगळून उरलेल्या १५ लाखांवर दीड टक्का म्हणजे साडेबावीस हजार. तेवढ्यासाठी पैसे ३५ दिवस आधी द्यायचे आणि बँकेचं साडेदहा टक्के व्याज सोसायचं, ते जवळपास १७,६०० होतं. खरा फायदा पाच हजारांच्या आतच. नट-बोल्टमध्ये दहा हजार सुटत होते आणि २० दिवसांचं व्याज फक्त ३,३०० च्या आसपास. लहान बिल जास्त कमावून देत होतं, आणि ते बारा लाखांत बसतही होतं. ते लगेच सोडलं.

स्टील मात्र बसत नव्हतं. डिस्काउंटची मुदत १९ ची. जीएसटीच्या पैशाला हात लावून सोमवारच्या भरवशावर राहायला मी तयार नव्हते. कस्टमरचा सोमवार मंगळवारही होतो, आणि उशिराच्या जीएसटीवर १८ टक्के व्याज लागतं. डिस्काउंट सोडायचाच, म्हणून फाईल बंद करण्याआधी स्टीलचा पीओ, म्हणजे आमची परचेस ऑर्डर, काढून पाहिला. त्यात अट होती, "माल मिळाल्यापासून दहा दिवस". सिस्टीम बिलाच्या तारखेपासून, म्हणजे ९ पासून मोजत होती. बिलाच्या पाठीमागे गेटचा निळा इनवर्ड शिक्का होता: १२ तारीख. ट्रकला तीन दिवस लागले होते. म्हणजे मुदत २२, सोमवार.

सोमवारी दुपारी कस्टमरचे पैसे जमा झाले, खात्री केली आणि डिस्काउंट वजा करून आरटीजीएस केला. तासाभरात सप्लायरच्या अकाउंटंटचा फोन: "मॅडम, आमच्या लेजरला १९ होती." पीओची ओळ वाचून दाखवली, शिक्क्याचा फोटो पाठवला. क्रेडिट नोट दोन दिवसांनी आली, थोडी कुरकुरत.

पुढच्या ऑर्डरच्या कोटेशनमध्ये मात्र त्यांनी अट बदलून पाठवली: "बिलाच्या तारखेपासून". आता घासाघीस परचेसवाले करताहेत.