फेब्रुवारीचे शंभर रुपये

होम लोनसाठी एचआरला जाणारा मेल बहुधा एका ओळीचा असतो : 'सॅलरी सर्टिफिकेट आणि एम्प्लॉयमेंट लेटर हवं आहे, अर्जंट.' एचआरकडे साचा तयारच असतो. तळाशी वार्षिक सीटीसी टाकलेलं पत्र दोन दिवसांत हातात पडतं आणि बँकेतून तितक्याच तत्परतेने परत येतं.

कारण सीटीसीवर हप्ता फिटत नाही. बारा लाखांची सीटीसी घ्या. घरच्या हिशेबात ते महिना लाख रुपये. पण त्यात १,२०,००० व्हेरिएबल पे असतो, तो वर्षाअखेरी मिळाला तर मिळाला. महिन्याचा बेसिक ५०,००० असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला ७२,००० आणि ग्रॅच्युइटीपोटी २८,८६०. हे सगळं वजा जाता महिन्याचा ग्रॉस उरतो ८१,५९५. त्यातून स्वतःचा पीएफ ६,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० कापला की, टीडीएस नाही असं धरलं तरी, ७५,३९५. बँकेला हा शेवटचा आकडा पाहायचा असतो. म्हणून ग्रॉस, प्रत्येक कपात आणि निव्वळ पगार पत्रात वेगवेगळा मागून घ्यावा.

हा आकडा पगाराच्या स्लिपशी आणि खात्यावर जमा झालेल्या रकमेशी जुळायला हवा. इथे महाराष्ट्राची एक गंमत आहे. प्रोफेशनल टॅक्स अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार पुरे. त्यामुळे जोडलेल्या स्लिपांत फेब्रुवारी आला की तिथे ७५,२९५ दिसतात आणि फायलीवर पेन्सिलीचं वर्तुळ उमटतं. पत्रातला पगार कोणत्या महिन्याचा, हे त्यातच लिहून घेतलं की शंभर रुपयांचा खुलासा करत बसावं लागत नाही.

एम्प्लॉयमेंट लेटरचं काम सोपं : रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, आणि नोकरी कायम की प्रोबेशनवर. 'कन्फर्म्ड' हा शब्द राहून गेला, तर बँक तो मागतेच. नाव पॅन कार्डावर आहे तसंच हवं. लग्नानंतरचं आडनाव कंपनीत लागलं आणि पॅनवर माहेरचंच राहिलं, की तीच व्यक्ती असल्याचा पुरावा वेगळा जोडावा लागतो.

मेलमध्ये बँकेचं आणि शाखेचं नाव, कारण 'गृहकर्ज', एम्प्लॉयी कोड आणि ताजी स्लिप एवढं दिलं की एचआरला उलट विचारावं लागत नाही. मात्र बँक पक्की ठरल्यावरच मागावं. शाखा बदलली की तेच पत्र नव्याने मागताना एचआरचा चेहरा मेलमधूनही दिसतो.

लेटरहेड, सही, शिक्का झाल्यावरही एक गोष्ट उरते. बँक खातरजमेसाठी एचआरला फोन किंवा मेल करते. पत्रावर फक्त रिसेप्शनचा नंबर असेल, तर तिथला माणूस 'थांबा हं, जोडून देतो' म्हणतो आणि फाईल तिथेच थांबते. सही करणाऱ्याचा थेट नंबर आणि ऑफिसचा ईमेल पत्रात घ्यावा, आणि बँकेतून विचारणा येईल हे त्यांच्या कानावर आधीच घालावं.