१००० सोडतींचा फ्रिक्वेन्सी काउंट: हॉट-कोल्डमध्ये खरंच काही आहे का?

६/४९ लॉटरीच्या, म्हणजे ४९ मधून सहा नंबर निघणाऱ्या सोडतीच्या शीटचं काम आता एका टप्प्यावर आलंय, म्हणून अपडेट टाकतोय. जास्त वेळा आलेले नंबर हॉट आणि कमी वेळा आलेले कोल्ड असं लोक म्हणतात, तेच तपासायचं होतं. सलग १००० सोडती, एका ओळीत एक सोडत, A मध्ये तारीख, B ते G मध्ये सहा नंबर आणि बोनस बॉल वेगळा H मध्ये. बोनस मोजायचा की नाही हे सुरुवातीलाच ठरवून टाका, कारण तो धरला की प्रत्येक सोडतीत सहाचे सात नंबर होतात आणि पुढची सगळी गणितं बदलतात. मी तो मोजणीच्या बाहेर ठेवलाय.

J कॉलममध्ये १ ते ४९ आणि शेजारी K मध्ये हे, खाली ओढत न्यायचं:

```
=COUNTIF($B$2:$G$1001,J2)
```

चार्ट काढायच्या आधी K ची बेरीज बघायची, ती बरोबर ६००० यायला हवी. नाही आली तर कुठेतरी रिकामा सेल आहे नाहीतर ४९ च्या पुढचा नंबर टाइप झालाय. पण नुसत्या बेरजेवर विसंबू नका, तीच सोडत दोनदा पेस्ट होऊन दुसरी एखादी राहून गेली तरी बेरीज ६०००च दिसते, म्हणून तारखांवरही एक COUNTIF लावायचा, १ च्या वर काही आलं की ती ओळ तपासायची. तिसरी गोष्ट म्हणजे नियम मध्येच बदललेत का ते. ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीत ऑक्टोबर २०१५ मध्ये ४९ चे ५९ नंबर झाले. आता १९९४ पासूनचे सगळे निकाल एकाच शीटमध्ये ओतले तर ५० ते ५९ हे नंबर भयंकर कोल्ड दिसणारच, ते वीस वर्षं मशीनमध्येच नव्हते! अशा ठिकाणी डेटाचे दोन तुकडे करायचे, दुसरा उपाय नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक नंबर एका सोडतीत यायची शक्यता ६/४९, म्हणजे १००० सोडतींत सरासरी १२२.४५ वेळा यायला हवा. पण कुठलाच नंबर बरोबर तेवढ्या वेळा येत नाही, आणि किती मागेपुढे होणं नॉर्मल आहे हे माहीत नसेल तर त्या काउंटला काही अर्थ उरत नाही. त्यासाठी स्टँडर्ड डेव्हिएशन:

```
=SQRT(1000*(6/49)*(43/49))
```

हे येतं १०.३७. म्हणजे बहुतेक नंबर साधारण १०२ ते १४३ मध्ये बसणार, आणि एकूण ४९ नंबर असल्यामुळे त्यातला सगळ्यात वरचा १४५ च्या आसपास आणि सगळ्यात खालचा १०० च्या आसपास असणं हे अगदी अपेक्षित आहे. बार चार्टवर १४५ आणि १०० शेजारी ठेवले की फरक जबरदस्त वाटतो, एक नंबर दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट आलाय, आणि तिथेच लोक हॉट नंबर, कोल्ड नंबर अशा याद्या करायला बसतात. पण पूर्णपणे निर्दोष मशीनमधूनही एवढाच फरक पडतो.

समजा एक नंबर १४७ वेळा आलाय. सरासरीपेक्षा २४.५५ जास्त, म्हणजे २.३७ डेव्हिएशन वर. आधीच ठरवून ठेवलेल्या एका नंबरच्या बाबतीत असं व्हायची शक्यता साधारण शंभरात एक, ऐकायला मोठं वाटतं. पण आपण तो नंबर आधी ठरवलेला नव्हता, ४९ मधला सगळ्यात मोठा आकडा शोधून मग त्याच्याकडे बोट दाखवलं. ४९ पैकी कुठला तरी एक तिथे पोचायची शक्यता तीनात एकाहून थोडी जास्तच निघते. दर तीन शीटमागे एकीत दिसणाऱ्या गोष्टीला मी तरी शोध म्हणणार नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, खोट्या सोडती बनवून बघा, या सगळ्या उद्योगातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. RANDBETWEEN(1,49) सहा वेळा लावू नका, त्यात चारातल्या एकाहून जास्त ओळींत एखादा नंबर रिपीट होतो, आणि खऱ्या सोडतीत बाहेर आलेला बॉल परत आत जात नाही. त्याऐवजी नव्या फाइलमध्ये A ते AW या ४९ कॉलममध्ये =RAND() भरा आणि AY मध्ये हे लिहून उजवीकडे BD पर्यंत ओढा, म्हणजे एकूण सहा सेल:

```
=RANK(A2,$A2:$AW2)
```

४९ रँडम आकड्यांमधल्या पहिल्या सहांचे क्रमांक म्हणजेच न रिपीट होणारे सहा नंबर. १००० ओळी करा, AY ते BD वर तसाच COUNTIF लावा, F9 दाबत राहा. ४९,००० RAND झाल्यामुळे फाइल जड होते, कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर टाकलेलं बरं. प्रत्येक F9 ला हॉट नंबर बदलतो, पण सगळ्यात वरचा बार बहुतेक वेळा १४० ते १५३ आणि सगळ्यात खालचा ९२ ते १०५ च्या दरम्यानच राहतो. हा चार्ट आणि खरा चार्ट शेजारी ठेवून, लेबल झाकून, कुणालातरी ओळखायला सांगा.

सगळ्या ४९ नंबरांची एकत्र टेस्ट करायची असेल तर काय-स्क्वेअर. प्रत्येक नंबरचा (काउंट − १२२.४५) चा वर्ग, भागिले १२२.४५, आणि सगळ्यांची बेरीज. इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे जी बऱ्याच तयार शीट्समध्ये राहून जाते: एका सोडतीतले सहा नंबर एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, एक आला की तो त्याच सोडतीत परत येऊ शकत नाही, त्यामुळे काउंट जरा कमी पसरतात आणि निर्दोष मशीनमध्येही या बेरजेची सरासरी ४८ ऐवजी ४३ येते (F9 दाबून हेही बघता येतं). म्हणून बेरजेला ४८/४३ ने गुणायचं आणि मग ४८ डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या टेबलशी ताडायचं, ५ टक्क्यांची रेघ ६५.१७ वर आहे. फरक कसा पडतो बघा, बेरीज ६० आली तर तशीच घेतल्यावर ती रेघेच्या आत दिसते, गुणल्यावर ६६.९८ होते, म्हणजे रेघेच्या बाहेर. आणि बाहेर गेली म्हणजे लगेच मशीन खराब असंही नाही, निर्दोष मशीनच्याही वीसातल्या एका शीटमध्ये असं होतं. पुढच्या फ्रेश सोडती घेऊन तीच टेस्ट परत करायची, खरा दोष असेल तर तो पुन्हा दिसेल.

याच विचाराने मी डेटा अर्धा अर्धाही केला. पहिल्या ५०० चे काउंट एका कॉलममध्ये, पुढच्या ५०० चे दुसऱ्यात, आणि CORREL. हॉट नंबर खरंच हॉट असतील तर पहिल्या भागात वर असलेले दुसऱ्यातही वरच राहायला हवेत. नुसत्या योगायोगात हा आकडा शून्याच्या आसपास, साधारण −०.२९ ते +०.२९ मध्ये राहतो. माझाही त्यातच आहे.

"आता हा नंबर यायलाच पाहिजे" म्हणणाऱ्यांसाठी गॅपचा कॉलम. एखादा ठरावीक नंबर सलग ३० सोडती न येण्याची शक्यता (43/49)^30, म्हणजे साधारण २ टक्के. दुर्मिळ वाटतं ना, पण नंबर ४९ आहेत, ४९ गुणिले २ टक्के म्हणजे जवळजवळ १. म्हणजे कुठल्याही दिवशी शीट उघडलं तरी सरासरी एक नंबर ३० किंवा जास्त सोडती गायब असलेला सापडतो. आणि पुढच्या सोडतीत त्याची शक्यता तीच, ६/४९, बॉलला आपण किती दिवस आलो नाही हे माहीत नसतं.

मग या काउंटमधून काहीच कळत नाही का? कळतं, पण दोष मोठा असेल तरच. समजा एखादा बॉल खरंच १० टक्के जास्त वेळा येतो. १००० सोडतींत तो १२२ ऐवजी १३५ च्या आसपास दिसेल, म्हणजे जेमतेम १.२ डेव्हिएशन वर, गर्दीत हरवून जाईल. १०,००० सोडती असतील तर तो ३.७ डेव्हिएशन वर जाईल, तेव्हा कुठे खात्रीने बोलता येईल. आठवड्याला दोन सोडती धरल्या तर १०,००० ला ९६ वर्षं लागतात, आणि तेवढा काळ एकच मशीन आणि एकच बॉल सेट कुठे वापरात राहतो? १००० मध्ये लगेच डोळ्यात भरायला दोष एक-तृतीयांशाच्या घरात हवा, १६४ वगैरे काउंट. आणि तो १० टक्केवाला बॉल कुणी आधीच सांगितला तरी काय होईल, तो नंबर घेतलेल्या तिकिटाची जॅकपॉटची शक्यता १,३९,८३,८१६ त एकवरून साधारण १ कोटी २७ लाखांत एक होईल. बस, एवढंच.

उलट दिशेनेही हे लागू आहे, काउंट स्वच्छ म्हणजे सगळं स्वच्छ असं नाही. २४ एप्रिल १९८० ला पेनसिल्व्हेनियाच्या तीन अंकी सोडतीत ४ आणि ६ सोडून बाकीचे बॉल रंग भरून जड केले होते आणि निकाल आला ६६६. फ्रिक्वेन्सी टेबलमध्ये ती एकच ओळ, तिथून काही कळलं नसतं. ४ आणि ६ वाल्या नंबरांवर झालेल्या जबरदस्त बेटिंगमुळे संशय आला.

आता पुढचं काम: निकालाबरोबर मशीन आणि बॉल सेटचा क्रमांक जिथे मिळतो तिथे I मध्ये तो भरतोय आणि COUNTIF एकेका सेटपुरता लावणार आहे, कारण दोष असलाच तर तो एका सेटमध्ये असणार आणि सगळे सेट एकत्र मोजले की पातळ होऊन जाणार. अडचण अशी की १००० सोडती आठ सेटमध्ये वाटल्या तर एकेका वाट्याला १२५, अपेक्षित काउंट फक्त १५ आणि डेव्हिएशन ३.७, शिवाय ८ गुणिले ४९ म्हणजे ३९२ आकडे, त्यात दोनचार २४ च्या पलीकडे योगायोगानेच जाणार. म्हणून प्रत्येक सेटसाठी ४८/४३ वाला काय-स्क्वेअर वेगळा काढतोय आणि रेघ ५ टक्क्यांऐवजी ५ भागिले ८, म्हणजे ०.६२५ टक्क्यांवर ठेवतोय. कुणाकडे सेट क्रमांकासकट लांब डेटा असेल तर याच पद्धतीने लावून बघा.