गाजलेल्या व्हिडिओच्या आधीचा व्हिडिओ

«एखादा व्हिडिओ तुफान चालला की त्यानंतरचा हमखास पडतो. आमचे नेमके काय चुकते?»

बहुतेक वेळा काहीही चुकलेले नसते. माझा एक व्हिडिओ पहिल्या २८ दिवसांत ४ लाख वेळा पाहिला गेला आणि त्यानंतरचा जेमतेम ११ हजार वेळा, तेव्हा मीही कित्येक दिवस त्या दुसऱ्या व्हिडिओतले दोष शोधत होतो. मग गाजलेल्या व्हिडिओच्या आधीचा आकडा पाहिला. तो ५ हजार होता. यशाने मी सैल पडलो असे मानले, तर यश मिळण्यापूर्वीचा व्हिडिओही इतका साधारण का होता, याचे उत्तर मिळत नाही.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांना १८८६ मध्ये उंचीच्या नोंदींत हेच दिसले होते: फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच नव्हती, आणि फार उंच मुलांचे आईवडीलही त्या मुलांइतके उंच नव्हते. सरासरीकडे परतणे काळाच्या दोन्ही दिशांना घडते, कारण ते निवडीतून येते. प्रत्येक आकड्यात विषयाची निवड, मांडणी, नेहमीचा प्रेक्षक असा टिकाऊ भाग असतो आणि त्या आठवड्यापुरता योगायोगही असतो. आपण सर्वांत मोठा आकडा वेगळा काढतो, तेव्हा ज्याला योगायोगाने भरभरून साथ दिली तोच बहुधा हाती येतो.

मग पुढच्या व्हिडिओकडून अपेक्षा किती ठेवावी? व्हिडिओंचे आकडे पटींत वाढतात, म्हणून हिशेबही पटींत करावा. माझा नेहमीचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ४ हजार होता. ४ लाख म्हणजे त्याच्या १०० पट, अर्थात दहापटीच्या दोन पायऱ्या. माझ्या जुन्या यादीत प्रत्येक व्हिडिओ आणि त्याच्या लगतचा पुढचा यांचा पटींच्या मापावरचा सहसंबंध सुमारे ०.३ निघाला. म्हणून दोन पायऱ्यांपैकी ०.६ पायरी टिकेल असे धरायचे, म्हणजे १० चा ०.६ वा घात, जवळपास ४ पट: १६ हजार. ही अपेक्षा आधी कागदावर लिहिली असती, तर ११ हजार पाहून मी हादरलो नसतो. हा सहसंबंध ज्याने त्याने आपल्याच यादीतून काढावा, आणि निदान तीसेक व्हिडिओ झाल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

याच कारणाने पडलेल्या व्हिडिओनंतर केलेला बदल फसवा ठरतो. मुखचित्राची शैली बदलली आणि आकडा सुधारला, तरी तो काही न बदलताही बहुधा सुधारलाच असता, आणि मग ती शैली विनाकारण आपल्या गळ्यात पडते.

मात्र गाजलेला व्हिडिओ काही प्रेक्षक खरोखर मागे ठेवून जाऊ शकतो, आणि तसे झाल्यास सरासरीच वर सरकते. एकट्या पुढच्या व्हिडिओवरून ते कळत नाही. पुढच्या आठ-दहा व्हिडिओंचा, प्रत्येकी २८ दिवसांच्या आकड्यांचा, मध्यक जुन्या मध्यकाशी ताडून पाहावा लागतो. माझा ४ हजारांवरून ६ हजारांवर आला आणि पुढेही तिथेच राहिला.