मागची सीट: बायको पास, लेक अजून नापास

बाइकची मागची सीट जमवायच्या खटपटीतला हा चौथा रविवार. बाइकवर मागे एका वेळी एकच माणूस, कायदाही तेच सांगतो. त्यामुळे बायको आणि सात वर्षांची लेक आळीपाळीने बसतात. एकच सीट दोघींना जमवायची आहे आणि घोळ तिथेच होतो.

साताऱ्याहून वाईला निघालो की पाचवडला चहाला थांबेपर्यंत बायकोचं माकडहाड बोलायला लागायचं. मी गादीला दोष देत होतो, फोम बदलायलाही निघालो होतो. मग गाडी डबल स्टँडवर लावली, तिला मागे बसवलं आणि बाजूने फोटो काढला. गुडघे चक्क कमरेच्या वर! सीटपासून फूटरेस्ट जेमतेम 33 सेंमी. पाय इतके दुमडले की मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळा भार माकडहाडावर येतो. तिथे कितीही मऊ फोम घातला तरी उपयोग नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टी करून फूटरेस्ट 4 सेंमी खाली घेतलं. फूटरेस्ट वर दुमडतंय ना आणि टाच सायलेन्सरला लागत नाही ना, एवढं बघून घेतलं. काल वाईपर्यंत एकदाही ‘थांब जरा’ ऐकू आलं नाही.

पण यात लेकीचं गणित बिघडलं. तिचं गुडघ्यापासून तळव्यापर्यंतचं माप 31 सेंमी. म्हणजे पाय आधीच लोंबत होते, आता 6 सेंमी अधांतरी, आणि उजवा थेट सायलेन्सरच्या शेजारी. तिच्यासाठी वरच्या बाजूला क्लॅम्पचं वेगळं फूटरेस्ट लावलं. दुकानदार ते स्विंगआर्मला लावत होता, मीच अडवलं. स्विंगआर्म चाकाबरोबर वरखाली होतो, म्हणजे प्रत्येक खड्डा पोरीच्या तळव्यात. ओळखायला सोपं आहे: सीटची शेपटी हाताने दाबायची, फूटरेस्ट सीटबरोबर खाली गेलं पाहिजे. जागचं हललं नाही, तर ते चुकीच्या जागी आहे.

ग्रॅब रेलचं दुखणं वेगळं. मूळ रेल सीटच्या मागे. गाडी उचलताना ठीक, पण ब्रेक दाबला की अंग पुढे जातं आणि हात मागे ओढले जातात, खांदा भरून येतो. मांडीशेजारची कडी धरली की हाताने रेटा देता येतो. बायकोची चाचणी: मान न वळवता हात पोचतो का, आणि कोपर थोडं वाकलेलं राहतं का. बाजूच्या कड्या बसवल्यावर दोन्ही जमलं.

लेकीचे हात मात्र तिथे धड पोचत नाहीत, ती माझ्या कमरेलाच धरते. ब्रेक लागला की तिचं हेल्मेट माझ्या पाठीवर टक्‌कन आपटतं. ताशी 30 वरून हळू थांबलो तरी तेच. म्हणजे ती घसरतेय. मोबाइलचा लेव्हल सीटवर ठेवला तर पुढे 4 अंश उतार निघाला. बुधवारी सीटवाल्याकडे, पुढच्या कडेला पातळ पाचर घालून बघायची.