२,४०० रुपयांच्या नोंदीने अडकलेले १,८६,३४०

मोबाइलची ॲक्सेसरीज विकणारे एक दुकानदार सकाळीच शाखेत आले. "साहेब, खात्यात १,८६,३४० दिसतायत, पण व्यापाऱ्याला पाच हजारसुद्धा जात नाहीत. आज कर्जाचा हप्ताही परत गेला."

खातं उघडून बघितलं, तर डेबिट फ्रीझ आणि पुढे शेरा: सायबर तक्रार. डेबिट फ्रीझमध्ये पैसे जमा होतात, बाहेर मात्र एक रुपया निघत नाही. लिअन वेगळं. त्यात ठरावीक रक्कम अडते आणि बाकीची वापरता येते. ग्राहक दोन्हीला ‘खातं बंद’ म्हणतात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की कोणी अडवलं आणि किती. केवायसी जुनी झाली असेल तर कागद देऊन शाखेतच काम होतं. आयकर, जीएसटी किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर तो ज्याने काढला त्याच्याकडेच जावं लागतं.

इथे परराज्यातल्या पोलीस ठाण्याची तक्रार होती. कोणाची तरी फसवणूक झाली, त्याने सायबर हेल्पलाइनच्या १९३० क्रमांकावर कळवलं. तोवर त्याचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या असे फिरले होते. या प्रत्येक टप्प्याला लेयर म्हणतात. चौथ्या लेयरवरच्या माणसाने या दुकानात खरेदी करून यूपीआयने पैसे दिले. पैशांचा माग दुकानदाराच्या खात्यापर्यंत आला आणि खातं गोठलं. गिऱ्हाईक चोर होतं की तेही असंच मध्ये सापडलं, हे दुकानदाराला कळायला मार्ग नसतो.

त्यांच्याकडून लेखी अर्ज घेतला आणि बँकेच्या सायबर कक्षाकडून चार गोष्टी मागवल्या: तक्रारीचा १४ आकडी क्रमांक, पोलीस ठाणं, वादातली रक्कम आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा १२ आकडी ओळख क्रमांक. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. वादातली रक्कम होती फक्त २,४००! यूटीआर स्टेटमेंटमध्ये शोधला, तर अकरा दिवसांपूर्वी संध्याकाळी ७:४२ ची नोंद सापडली. बिलबुकात त्याच दिवशी, त्याच रकमेचं पॉवर बँक आणि इअरफोनचं बिल होतं. हे बिल नसतं, तर पुढचं सगळं अवघड होतं.

तपास अधिकाऱ्याला ईमेल गेला तो एका पानाचा. वर तक्रार क्रमांक, मग यूटीआर, मग काय विकलं ते. सोबत बिल, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, दुकानाची नोंदणी, आधार आणि पॅन. लोक इथे चार पानांची कैफियत लिहितात. ती वाचायला तिकडे कोणाला वेळ नसतो. मागणी एकच ठेवली: वादातल्या २,४०० वर लिअन राहू द्या, बाकी खातं मोकळं करा. एवढ्या रकमेसाठी पूर्ण निर्दोषत्वाची वाट बघत धंदा अडवून ठेवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

तीन दिवसांनी त्यांना फोन आला: "ते २,४०० या नंबरवर टाका, लगेच सोडतो." त्यांना म्हटलं, एक रुपयाही पाठवू नका. फोन खरा की खोटा हा प्रश्न बाजूलाच. असे पाठवलेले पैसे तक्रारीत जमा धरले जात नाहीत आणि लिअन तसंच राहतं.

पोलिसांचं पत्र ग्राहकाने हातात आणून दिलं तरी बँक लगेच खातं सोडत नाही, कारण अशी पत्रं बनावटही असतात. पत्र अधिकृत सरकारी ईमेलवरून थेट बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे यावं लागतं. ते नवव्या दिवशी आलं. फ्रीझ निघाली आणि १,८३,९४० मोकळे झाले. दुकानदाराने मधल्या काळात क्यूआर दुसऱ्या खात्याचा लावला होता, म्हणून शिल्लक तेवढीच होती.

सोडवण्याआधी एक गोष्ट तपासली: याच खात्यावर दुसरी तक्रार आहे का. असली तर एक लिअन निघतं, दुसरं राहतं आणि माणूस बँकेच्या नावाने बोटं मोडतो.

पोलिसांचं उत्तरच आलं नसतं, तर त्या राज्याच्या सायबर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहायचं आणि त्यानंतर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करायचा. बँकच कारण सांगत नसेल किंवा आदेशापेक्षा जास्त रक्कम अडवत असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पोलिसांचा आदेश चूक आहे, हे मात्र लोकपाल ठरवत नाही.

परत गेलेल्या हप्त्याचा दंड माफ व्हावा म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थेला वेगळा अर्ज दिला, सोबत फ्रीझच्या तारखांचं शाखेचं पत्र जोडून. २,४०० चं लिअन अजून तसंच आहे.